कोल्हापुरी चप्पल विकताना काय लिहावं?

‘शंभर टक्के अस्सल कोल्हापुरी. शुद्ध नैसर्गिक चामडं. संपूर्ण हातकाम. पायाला थंडावा देणारी, आयुष्यभर टिकणारी.’ या धाटणीची जाहिरात आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. हौसेने चप्पल मागवली जाते. जोड येतो तो फोटोपेक्षा फिकट असतो. एका चपलेच्या तळावर बारीक वण दिसतो. लग्नात घातल्यावर पाय तांबूस होतात, आणि पहिल्या वळवात सापडल्यावर तळ फुगून कडेला उकलतो. मग तक्रार जाते आणि उत्तर येतं, ‘हाताने केलेली वस्तू आहे, असं होणारच.’

हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. पण ते चुकीच्या जागी आलेलं असतं. होणारच होतं, तर ते पैसे घेण्याआधी लिहायला काय हरकत होती? हाताने केलेल्या वस्तूचं वर्णन प्रामाणिकपणे लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे पाहण्यासाठी कोल्हापुरी चपलेसारखं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. तिच्यात रंग बदलतो, आकार बदलतो, आवाज येतो, ती चावते, आणि पाण्याशी तिचं मुळीच जमत नाही. आणि यातली एकही गोष्ट लपवण्यासारखी नाही.

सुरुवात चामड्यापासून करू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं असतं. बाभळीची साल आणि हिरडा हे त्यातले दोन मुख्य घटक. जुन्या पद्धतीत चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवत, ते टांगून त्यात सालीचा काढा भरत आणि तो कित्येक दिवस झिरपू देत. सालीतला तुरट अंश कातड्यात मुरला की ते कुजायचं थांबतं आणि त्याचं चामडं होतं. बुटांचं आणि पर्सचं बहुतेक चामडं मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते काम झटपट होतं आणि चामडं मऊ राहतं. चप्पल कापलेल्या कडेकडून पाहिली तर दोन्हींतला फरक बऱ्याचदा दिसतो. सालीने कमावलेलं चामडं आरपार तपकिरी असतं, तर क्रोमचं वरून रंगवलेलं असलं तरी आतून राखाडी किंवा निळसर निघतं. ही खूण नेहमीच पुरेशी नसते, कारण रंग खोलवर मुरवलेलाही असू शकतो. पण विकणाऱ्याने निदान एवढं पाहिलेलं असावं.

‘शुद्ध नैसर्गिक चामडं’ या तीन शब्दांतून गिऱ्हाइकाला यातलं काहीच कळत नाही. चामडं नैसर्गिकच असतं. त्याला हवी असते ती वेगळी माहिती: तळ कशाचा, वरचे पट्टे कशाचे, आणि ते कशाने कमावलेत. तळासाठी साधारणपणे म्हशीचं जाड चामडं वापरतात. पट्टे, वेण्या, नाजूक काम शेळीमेंढीच्या पातळ चामड्यातून कापतात. हे स्पष्ट लिहायला अनेक विक्रेते बिचकतात. कोणत्या जनावराचं चामडं ते सांगितलं तर काही गिऱ्हाइकं जातील, अशी त्यांना भीती असते. जातीलही. पण ज्याला ती वस्तू पायात घालायचीच नाही त्याच्या गळ्यात ती न सांगता मारणं, याला विक्री म्हणता येणार नाही. शिवाय आता बरंचसं चामडं कोल्हापूरच्या परिसरात कमावलेलं नसतं, तमिळनाडूतून आलेलं असतं. त्याने चप्पल खोटी ठरत नाही. फक्त ‘आमच्या गावच्या बाभळीच्या सालीत कमावलेलं’ हे वाक्य मग लिहिता येत नाही.

‘अस्सल कोल्हापुरी’ हा शब्द तर मनाला येईल तसा वापरण्यासारखा राहिलेलाच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते आठ जिल्ह्यांसाठी आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीत शिवलेली चप्पल ही कोल्हापूरच्या पेठेत शिवलेल्या चपलेइतकीच कोल्हापुरी. ‘ही कर्नाटकातली, म्हणून डुप्लिकेट’ असं सांगणारे दुकानदार चुकतात. उलट, आठ जिल्ह्यांबाहेर शिवलेल्या चपलेवर हे नाव लावणं हा कायद्याचा प्रश्न होतो. या वादाची दुसरी बाजू जून २०२५मध्ये दिसली. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला आणल्या आणि त्यांना नुसतं चामड्याच्या सँडल म्हटलं. त्यात खोटं असं काही नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं ते गाळलेलं होतं, आणि आरडाओरडा झाला तो त्यावरून. नंतर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. वर्णनात काय लिहिलं याच्याइतकंच काय लिहिलं नाही हेही मोजलं जातं.

आता ‘संपूर्ण हातकाम’. रापीने कापणं, भिजवून ठोकणं, आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने तळाचे थर शिवणं, वेणी घालणं ही कामं आजही हाताने होतात. वेण्यांचं बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात. पण कडा घासायला मोटारीचं चाक असतं, थर चिकटवायला डब्यातलं सोल्यूशन असतं, आणि शहरी गिऱ्हाइकासाठी खाली रबराचा पातळ तळ लावलेला असतो. रबर लावलं म्हणून कारागिराची कला कमी होत नाही. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्याला तो तळ उपयोगीच पडतो. लपवलं, तरच ती फसवणूक होते. म्हणून ‘संपूर्ण हातकाम’ऐवजी ‘कापणी, शिवण आणि वेणी हाताने, कडा मशीनवर घासलेल्या, खाली ३ मिलिमीटर रबर’ असं लिहावं. ते वाचताना कमी आकर्षक वाटतं हे खरं. पण वस्तू जाणणारा माणूस त्याच ओळीवर थांबतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘नैसर्गिक फरक’ या शब्दांवरून. ते शब्द आता ढालीसारखे वापरले जातात. कोणतीही कसर दाखवा, उत्तर ठरलेलं. त्यामुळे विक्रेत्याने फरक कशाला म्हणायचं आणि दोष कशाला, याची रेघ स्वतःच आधी ओढलेली बरी.

जनावर जगलेलं असतं, त्याच्या खुणा कातडीवर राहतात. काटेरी तारेचा बरा झालेला ओरखडा, गोचीड चावल्याचे ठिपके, मानेजवळच्या घड्या, शिरांच्या पुसट रेषा. एकाच कातड्याच्या दोन भागांनी काढा कमीजास्त प्याला, तर डाव्या-उजव्या तळाच्या छटेत थोडा फरक राहतो. हा सगळा फरक. त्याने चपलेच्या ताकदीवर परिणाम होत नाही, आणि दोन जोड हुबेहूब सारखे निघत नाहीत ते यामुळेच.

पण पाठीचं चामडं घट्ट असतं आणि पोटाकडचं सैल, हेही त्याच जनावराचं वास्तव आहे. तळासाठी पोटाचा भाग कापला तर काही दिवसांत तो पसरतो, कडेने लोळतो. चामडं वरची बाजू आत घेऊन हलकंच वाकवलं आणि पृष्ठभागावर जाड, पोकळ सुरकुत्या उठल्या, तर ते सैल आहे असं समजावं. घट्ट चामड्याला अगदी बारीक रेघा पडतात. पोटाच्या चामड्याचा तळ हा फरक नाही, निवडीतला दोष आहे. दोन टाचांची उंची डोळ्यांना वेगळी दिसणं, एका पायाचा पट्टा दुसऱ्यापेक्षा सैल असणं, वादीचा टाका न्यायला पाडलेलं भोक कडेच्या इतकं जवळ असणं की ते फाटेल, हेही दोषच. जोड सपाट फरशीवर शेजारी ठेवला, पट्टीने लांबी मोजली, दोन्हींत बोट घालून पट्टे ओढून पाहिले, की पाच मिनिटांत कळतं. मग वर्णनात एक आकडा द्यावा: ‘दोन चपलांच्या लांबीत ३ मिलिमीटरपर्यंत फरक असू शकतो, त्याहून जास्त असेल तर बदलून देऊ.’ आकडा दिला की वाद मिटतो, कारण मग पट्टी बोलते.

रंगाचं प्रकरण वेगळं. ‘स्क्रीनमुळे रंगात फरक पडू शकतो’ हे वाक्य सगळीकडे चिकटवलेलं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. रंग कुठल्या दिशेने बदलेल, हे सांगायला हवं. सालीने कमावलेलं, न रंगवलेलं चामडं नवं असताना फिकट, गव्हाळ असतं. उजेडाने, तेलाने, पायाच्या घामाने ते महिन्यांगणिक गडद होत जातं. ज्या गडद तपकिरी चपलेचा फोटो पाहून लोक भाळतात, ती पुष्कळदा वापरलेली किंवा तेल पाजलेली असते. विक्रेत्याने दोन फोटो द्यावेत, एक कोऱ्या जोडाचा आणि एक वर्षभर वापरलेल्या जोडाचा, आणि कुठला कुठला ते लिहावं. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावा. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक चामडं मधासारखं दिसतं.

रंगवलेल्या पट्ट्यांबद्दल घरच्या घरी चाचणी करता येते. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळावा आणि पट्ट्यावर दहा वेळा घासावा. कापडाला मरून किंवा काळा रंग आला, तर घामाने तो पायालाही येणार. तसं असेल तर ‘सुरुवातीचे काही दिवस पायाला रंग लागेल, फिकट मोज्यांवर घालू नका’ हे लिहून टाकावं. न रंगवलेलं चामडंही ओल्या पायाला तांबूस छटा देतं, कारण सालीचा अंश पाण्यात थोडा उतरतो. याने कोणी चप्पल परत पाठवत नाही. पाठवली जाते ती न सांगता पाय रंगल्यावर.

मापाच्या बाबतीत एक अर्धसत्य पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे: ‘घाला हो, वापरून सैल होते.’ पट्टे सैल होतात. अंगठाही थोडा सैलावतो. तळाची लांबी मात्र वाढत नाही. टाच बाहेर येत असेल तर ती बाहेरच राहणार. त्यात प्रत्येक कारागिराचं आठ नंबर वेगळं असतं. म्हणून नंबरासोबत तळाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये द्यावी, आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर पाऊल आखून मोजायला सांगावं. चावण्याबद्दलही खरं सांगावं. पहिले काही दिवस अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली ती लागते. घरात रोज तासभर घालून पट्टे सवयीचे करून घ्यावेत, आणि मगच लांब चालावं. लग्नाच्या आदल्या दिवशी मागवणाऱ्याला ‘आत्ता घेऊ नका’ असं सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे.

राहिली निगा. पाण्याची सूचना सगळेच देतात, कारण कोणी देत नाही. ‘पाण्यापासून जपा’ एवढं वाचून माणूस पावसात भिजतोच, आणि घरी येऊन दोन चुका करतो: चप्पल कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवतो, नाहीतर खिडकीच्या ग्रिलवर वाळत घालतो. सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना उष्णता सोसत नाही. ते आकसतं, कडक होतं, आणि परत पहिल्यासारखं होत नाही. ग्रिलचं नुकसान वेगळं. ओल्या चामड्यातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तीच ही क्रिया. लिंबाच्या रसाने डाग फिकट होतो, पण पुरता जाईल असं वचन देऊ नये. म्हणून सूचना अशी लिहावी: ‘भिजली तर कोरड्या कापडाने टिपा, आकार हाताने नीट करा, पंख्याखाली सावलीत कागदावर ठेवा. उन्हात, गॅसजवळ किंवा लोखंडावर ठेवू नका.’

तेलाची सूचनाही मापासकट हवी. ‘वेळोवेळी तेल लावा’ म्हटलं की लोक चप्पल तेलात बुडवतात. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होतं, पट्टे लांबतात, धूळ बसते आणि महिन्याभरात खवट वास येतो. एका चपलेला कापडावर घेतलेले एरंडेलाचे चार-पाच थेंब पुरतात. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या कापडाने पुसायचं. चामडं कोरडं, पांढरट दिसू लागलं की पुन्हा. पावसाळ्यात चप्पल ठेवून द्यायची तर पूर्ण वाळवून, कापडी पिशवीत, हवा लागेल अशा जागी. प्लॅस्टिकमध्ये बांधली की बुरशी ठरलेली. बुरशी आलीच तर ती घराबाहेर नेऊन ब्रशने झाडावी, पुसून वाळवावी. डाग कधी कधी राहतो, हेही लिहावं. आणि एक सूचना सुरक्षिततेची: चामड्याचा कोरा तळ ओल्या गुळगुळीत टाइल्सवरून घसरतो. वयस्कर माणसासाठी भेट घेणाऱ्याला ही ओळ बाकी सगळ्या वर्णनापेक्षा कामाची आहे.

‘आयुष्यभर टिकणारी’ला पर्याय काय? वर्षांचा आकडा देऊच नये. सणावारी घालणाऱ्याची आणि रोज सिमेंटच्या रस्त्यावर दोन किलोमीटर चालणाऱ्याची चप्पल एकच असली तरी तिचं आयुष्य एक नसतं. त्यापेक्षा आधी काय झिजेल ते सांगावं. कोऱ्या तळाच्या चपलेत खालून दिसणारे वादीचे टाके रस्त्याला घासून पहिल्यांदा जातात, मग थर सुटू लागतात. टाचेची बाहेरची कड त्याच सुमारास झिजते. दोन्ही दुरुस्त होतात. ती दुरुस्ती कोण करून देईल, विक्रेता की कोपऱ्यावरचा चांभार, आणि तिचे पैसे कोण भरेल, हे लिहिलं की टिकाऊपणाबद्दल वेगळं काही बोलावं लागत नाही. ‘पायाला थंडावा’बद्दल एवढंच म्हणता येईल की उघडी चप्पल आणि घाम शोषणारं चामडं पुष्कळांना उन्हाळ्यात बरं वाटतं. डोळ्यांची आग, रक्तदाब वगैरे त्यात आणू नये.

आता एक जोड प्रत्यक्ष समोर ठेवू. कोल्हापूर जिल्ह्यात शिवलेला, गोंड्याचा, पट्टे मरून, खाली रबर. चामडं व्यापाऱ्याकडून घेतलेलं, तमिळनाडूतलं. ओल्या कापडाच्या चाचणीत किंचित रंग आलेला. त्याचं वर्णन मी असं लिहीन:

‘कोल्हापूर जिल्ह्यात शिवलेली गोंड्याची चप्पल. तळ: सालीने कमावलेलं म्हशीचं चामडं, दोन थर, चामड्याच्या वादीने हाताने शिवलेले, खाली ३ मिलिमीटर रबर. पट्टे व वेणी: शेळीचं चामडं, मरून रंग दिलेला. चामडं तमिळनाडूतून घेतलेलं. तळाची लांबी २६ सेंटिमीटर. तळ नवा असताना फिकट असतो, वापराने गडद होतो. जुने वण, ठिपके, दोन तळांच्या छटेत थोडा फरक दिसेल. पट्ट्यांचा रंग सुरुवातीला पायाला लागू शकतो. पट्टे सैल होतील, लांबी वाढणार नाही. पावसात वापरण्यासाठी नाही. टाके सुटले तर सहा महिन्यांपर्यंत मोफत शिवून देऊ. पोस्टाचा खर्च तुमचा.’

यात एकही विशेषण कौतुकाचं नाही, तरी चप्पल डोळ्यांसमोर उभी राहते. ‘सहा महिने’ हा आकडा कारागिराला विचारून ठरवायचा. शहरात बसून वचन द्यायचं आणि शिवायला दुसऱ्याला लावायचं, हा प्रकार हस्तकलेच्या धंद्यात नवा नाही.

कायदाही याच दिशेला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवस धरले जातात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द पर्यावरणाच्या दाव्यासाठी वापरायचे तर सोबत खुलासा आणि पुरावा हवा. घरगुती विक्रेत्याच्या दारात उद्या कोणी तपासनीस येईल असं नाही. पण वर्णनात जे लिहिलं ते वाद झाल्यावर कागद म्हणून पुढे येतं, हे त्याने विसरू नये.

घेणाऱ्यांसाठी एक विनंती. पुढच्या वेळी कोल्हापुरी मागवाल तेव्हा सूट विचारण्याआधी हे विचारा: चामडं कशाने कमावलंय, पट्ट्याचा रंग उतरतो का, तळ सुटला तर कोण शिवून देईल? ‘थांबा, कारागिराला विचारून सांगतो’ असं उत्तर आलं तर खुशाल थांबा. ‘काही होत नाही हो, बिनधास्त घ्या’ असं आलं, तर दुसरीकडे बघा.